दत्तक बाळाचा गृहप्रवेश : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरवणे हे नवी मुंबईच्या गजबजाटात राहूनही आपले गावपण टिकवून असलेले गाव आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, शेतजमिनी संपादन झाल्या, एका अंगाने औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाने नेरूळ व जुईनगरच्या इमारती उभ्या राहिल्या. तरीही गावठाणातील आगरी-कोळी घरांची परस्परांशी असलेली नाती सुटली नाहीत, आणि एका घरी मूल आले की त्याचा आनंद सबंध भावकीचा होतो ही रीतही गेली नाही. नेरूळला बेवारस बालकांचा सांभाळ करणारे विश्वबालक केंद्र या गावापासून फार दूर नाही. अशा एखाद्या संस्थेतून दत्तक घेतलेले बालक जेव्हा गावठाणातल्या घराचा उंबरठा ओलांडते, तेव्हा त्याच्यावर होणारा प्रेमाचा वर्षाव पूर्णतः निष्कपट असतो; परंतु त्या वर्षावामागे काही समजुती उभ्या असतात, आणि त्यांतील कित्येक समजुती पोटच्या बाळाच्या अनुभवावरून घेतलेल्या असल्यामुळे दत्तक बाळाच्या बाबतीत अपुऱ्या किंवा सरळ चुकीच्या ठरतात.

विवेचन हवेतले राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पून घेऊ. शिरवण्यातील एका तीन मजली घरात, जेथे तळमजल्यावर आजी-आजोबा, पहिल्यावर काका-काकी आणि दुसऱ्यावर हे दांपत्य राहते, तेथे चौदा महिन्यांची मुलगी दत्तक येत आहे. जन्मापासून ती संस्थेत आहे. तिला सांभाळणाऱ्या मावश्या पाळीपाळीने बदलत आल्या आहेत. ती रांगेतल्या पाळण्यांपैकी एकात झोपते, ठरल्या घटकेला जेवते, आणि रात्रभर जळणाऱ्या मंद दिव्याची व शेजारच्या बाळांच्या कुरकुरीची तिला सवय आहे.

पहिला गैरसमज असा की, स्वागताची तयारी म्हणजे बाळ घरी येण्याच्या दिवसाची तयारी. वस्तुतः ती त्याच्या आधी सुरू व्हावयास हवी, आणि कायद्याने तिच्यासाठी अवकाशही ठेवलेला आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ज्याला सर्वजण ‘कारा’ म्हणतात त्याच्या, २०२२ च्या नियमावलीनुसार पालकांनी बालकाचा अभ्यास-अहवाल व वैद्यकीय अहवाल पाहून, संस्थेत जाऊन, स्वीकृतीची सही केल्यानंतर ठरावीक मुदतीत, साधारणतः दहा दिवसांत, बालक ‘दत्तकपूर्व संगोपना’साठी त्यांच्या स्वाधीन करावयाचे असते. बालकाला प्रथम पाहिल्यापासून घरी आणीपर्यंतचे हे जे दिवस, ते बहुतेक घरांत पाळणा, कपडे आणि रंगरंगोटी यांच्या खरेदीत खर्ची पडतात. बाळाला द्यावयाच्या भेटवस्तूची खरी वेळ मात्र हीच असते.

भेटवस्तू म्हणजे महागडे खेळणे, हा दुसरा गैरसमज होय. दिवे लागणारी, गाणी म्हणणारी, स्वतःच चालू लागणारी खेळणी ढिगाने आणली जातात, आणि चौदा महिन्यांची ती मुलगी त्यांकडे पाहून दचकते किंवा त्यांना हातही लावीत नाही, याचे घरच्यांना वैषम्य वाटते. तिच्या दृष्टीने विचार केला तर यात नवल नाही. एका दिवसात तिच्या जगातील प्रत्येक वास, प्रत्येक आवाज, प्रत्येक चेहरा बदललेला असतो. नवीन वस्तूंची तिला वाण नसते, वाण असते ती ओळखीच्या वस्तूची. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. लहान मूल एखाद्या मऊ चिंधीला, पांघरुणाला किंवा बाहुलीला घट्ट धरून ठेवते, ती त्याची खोड नसून, आई जवळ नसतानाही तिचे सान्निध्य मनात टिकवून धरण्याचे ते साधन असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दत्तक बाळाला अशी वस्तू द्यावयाची तर ती आईबापांच्या भेटीपूर्वी किंवा भेटीबरोबरच त्याच्या हाती पडली पाहिजे.

आपल्याकडे त्यासाठी गोधडीहून चांगली वस्तू शोधून सापडावयाची नाही. आईच्या वापरून मऊ झालेल्या सुती साडीचा आणि वडिलांच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा घेऊन हातभर लांबीरुंदीची छोटी गोधडी शिवावी. टाके बारीक व पक्के घालावेत. आरसे, मणी, बटणे, गोंडे, लोंबती लेस असे सुटून तोंडात जाण्याजोगे काहीही लावू नये. शिवून झाल्यावर ती सुवासिक साबणाने न धुता आठवडाभर आईने आपल्या उशाशी घेऊन झोपावे, जेणेकरून घरचा आणि अंगाचा गंध तिच्यात मुरेल, आणि मग ती संस्थेत नेऊन द्यावी. अशाच दोन गोधड्या शिवणे शहाणपणाचे, म्हणजे एक हरवली किंवा फारच मळली तर बाळाचा आधार तुटत नाही; मात्र दोन्ही आलटूनपालटून वापरात ठेवाव्यात, नाहीतर कोरी राहिलेली दुसरी गोधडी बाळ परकी म्हणून फेकून देते. संसर्गाच्या धास्तीने एखादी संस्था बाहेरची वस्तू आत घेत नाही. तेव्हा हट्ट धरू नये, प्रत्येक भेटीच्या वेळी ती गोधडी खांद्यावर टाकून जावे आणि बाळाला कडेवर घेताना तिचा स्पर्श होऊ द्यावा.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती जीवाशी निगडित आहे. एक वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटे पांघरूण, उशी, मऊ बाहुली यांपैकी काहीही ठेवू नये. ते तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळ त्याहून लहान असेल तर गोधडी जागेपणीच, आईच्या खांद्यावर किंवा मांडीवर, तिच्या नजरेखाली असावी. आपल्या उदाहरणातील मुलगी चौदा महिन्यांची असल्यामुळे ती गोधडी घेऊन झोपू शकेल, तेही ती तोंडावरून दूर सारण्याइतकी सुदृढ आहे अशी डॉक्टरांकडून खातरजमा केल्यावर.

गोधडीसोबत एक लहानसा चित्रसंग्रह द्यावा: जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली पाच-सहाच छायाचित्रे, आईचा चेहरा, वडिलांचा चेहरा, आजी, घराचे दार, झोपावयाची जागा. चेहरे मोठे आणि स्पष्ट असावेत, घरच्या रोजच्या कपड्यांतले असावेत. लग्नातील शालू, दागिने आणि काळा चष्मा लावलेली छायाचित्रे देऊन उपयोग नाही, कारण बाळाला भेटणारी माणसे तशी दिसणार नसतात. संस्था तयार असेल तर आईच्या आवाजातील एखादी अंगाई भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून द्यावी, आणि झोपवताना ती लावण्याची मावशीला विनंती करावी. पुढे घरी त्याच वेळी तीच अंगाई तोंडाने म्हटली की त्या आवाजाला चेहरा मिळतो.

परंतु देणे हा भेटीचा अर्धाच भाग झाला; दुसरा अर्धा भाग मागून घेण्याचा आहे, आणि त्याविषयीचा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे. बाळ दारात येताच त्याचे ‘तिकडचे’ कपडे काढून टाकावेत, त्याला न्हाऊमाखू घालावे, नवे झबले चढवावे, जणू मागच्या आयुष्याची खूण पुसली की नव्याचा आरंभ शुभ होतो, अशी भावना अनेक सुशिक्षित घरांतही आढळते. ही भावना दुष्ट नाही. पण बाळाच्या बाजूने पाहता त्याच्याजवळ उरलेली अखेरची ओळखही आपण त्या कपड्यांबरोबर काढून घेतो. तेव्हा संस्थेला विनंती करून वापरातील, न धुतलेले एखादे दुपटे किंवा अंगरखा मागून घ्यावा, आणि बाळ वर्षाहून मोठे असेल तर पहिले काही दिवस तो त्याच्या अंथरुणात, आपल्या गोधडीशेजारी राहू द्यावा. दोन गंध एकत्र नांदतात, आणि एका गंधावरून दुसऱ्यावर बाळ आपल्या गतीने येते. संस्थेत ज्या नावाने त्याला हाक मारीत, ते नावही एकाएकी टाकू नये. आरंभी जुने नाव, मग जुने व नवे जोडून, मग नवे, असे आठवडे जाऊ द्यावेत. जुनी वस्त्रे व जुने नाव नंतर जपून ठेवावे. त्या मुलीच्या चरित्राचे ते पहिले कागद आहेत.

गावात सर्वांत जड जाणारा गैरसमज आता घेऊ. “सगळ्यांच्या मांडीवर बसू दे पोरीला, म्हणजे लवकर रुळेल,” हे वाक्य शेजारच्या काकू मायेनेच बोलतात. घरी येण्याच्या दिवशी बेंजो, फटाके, नाक्यावर फ्लेक्स, आणि संध्याकाळी शंभर माणसांचे जेवण असा बेतही कोणी मायेनेच आखतो. वस्तुस्थिती अशी की, संस्थेत वाढलेल्या बाळाला माणसांची कमतरता नसतेच. त्याला अनेक हातांनी उचललेले असते. कमतरता असते ती एकाच, परत परत येणाऱ्या, आपल्याच हाकेला ओ देणाऱ्या माणसाची. हे केवळ भावनिक विधान नाही. रुमानियात बुखारेस्ट शहरी २००० सालाच्या सुमारास सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात अनाथालयांतील १३६ बालकांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटातील बालके प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवली, दुसऱ्या गटाची देखभाल पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या बालकांत, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत, सांभाळणाऱ्या व्यक्तीविषयीचा सुरक्षित लळा कितीतरी अधिक प्रमाणात दिसून आला. बरा करणारा घटक गर्दी नव्हता, ठरावीक माणूस होता.

म्हणूनच पहिले काही आठवडे भरविणे, न्हाऊ घालणे, झोपविणे, आणि रडल्यावर उचलणे ही चार कामे आई व वडील या दोघांनीच करावीत, असे दत्तक-समुपदेशक सांगतात. आजीने बाळाजवळ बसावे, बोलावे, खेळावे. पण बाळ रडू लागले की तिने त्याला आईच्या हाती द्यावे. एकत्र कुटुंबात हे आजीला सहज पटत नाही, आणि तिचे दुखावणे स्वाभाविक आहे. तिला आधीच, बाळ येण्यापूर्वी, शांतपणे सांगावे की हा नियम तिला दूर ठेवण्यासाठी नाही, नातीला आई कोण हे कळावे यासाठी आहे, आणि तो कायमचा नाही. दारावर औक्षण करावे, भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायांवर पाणी घालावे. हे सारे चार माणसांत, पाच मिनिटांत होते. बारसे, भावकीचे जेवण, देवीचे दर्शन हे दीड-दोन महिन्यांनी केल्याने त्यांची शोभा उणी होत नाही.

फ्लेक्सविषयी तर स्वतंत्र कारण आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये देखभाल व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दत्तकाचा अंतिम आदेश होण्यापूर्वी ‘अमुक संस्थेतून आलेली आमची लेक’ अशी छायाचित्रे गावभर किंवा भ्रमणध्वनीवरील गटांत फिरविणे म्हणूनच टाळावे. आदेशानंतरही तिची पूर्वकथा ही तिची मालमत्ता आहे, ती कोणाला सांगावयाची हे तिने मोठेपणी ठरवावे.

याच ओघात मालिशवालीचा प्रश्न येतो. आपल्याकडे बाळ आले की अनुभवी बाई ठेवली जाते, आणि पोटच्या बाळाच्या घरात ती मोठाच आधार असते. परंतु संस्थेतून आलेल्या मुलीला अंगभर तेल चोळणारे परके, जोरकस हात भीतिदायक वाटू शकतात. तेल लावावयाचे ते पहिल्या आठवड्यांत आईनेच लावावे. आरंभ पावलांपासून करावा, तिने पाय आखडून घेतला तर थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथूनच आरंभ करावा, आणि तिने स्वतः हात पुढे केल्यावरच पोटापाठीकडे वळावे. जावळ आणि कान टोचणे हेही पुढे ढकलावे. ज्या मांडीवर विसावा मिळतो हे ती नुकतीच शिकू लागली आहे, त्याच मांडीवर तिला घट्ट धरून वेदना देण्याचे कार्य सहा महिन्यांनी केले तरी धर्म बुडत नाही.

आता दिनक्रम. ‘आपल्या घरच्या सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात’ ही समजूत प्रामाणिक आहे आणि तिच्यामुळेच बाळाचे पोट व झोप बहुधा बिघडते. संस्थेतून निघताना मावशीजवळ बसून लिहून घ्यावयाची टिपणी घराच्या सर्व खरेदीहून मोलाची असते: किती वाजता दूध, कोणते, किती, वरण-भात किती मऊ, वाटी-चमच्याने की बाटलीने, झोपताना कुशीवर की पाठीवर, थोपटावे लागते की नाही, कशाला घाबरते. पहिले दोन-तीन आठवडे तेच दूध, तेच अन्न, त्याच वेळा आणि शक्य तर तसलाच चमचा ठेवावा. मग एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. डब्याचे दूध चालू असेल तर डब्यावरील प्रमाणात तसूभरही फरक करू नये. ‘पोरीची तब्येत सुधारावी’ म्हणून घट्ट करणे किंवा ‘पचावे’ म्हणून पातळ करणे, दोन्ही अपायकारक. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, त्यातून एका घातक विषबाधेचा संभव असतो. पुष्कळ मुले आरंभी भूक भागल्यानंतरही खात राहतात किंवा मूठभर भात हातात धरूनच झोपतात. त्यांच्या हातून अन्न काढून घेऊ नये, पुढचे जेवण वेळेवर येते हे अनेक दिवस अनुभवल्यावर मूठ आपोआप सैल होते.

झोपेच्या बाबतीत निराळ्या, अंधाऱ्या, निःशब्द खोलीचा मोह आवरावा. ती मुलगी कधीही एकटी झोपलेली नाही. तिचा पाळणा आईच्या पलंगाला लागून असावा, मंद दिवा असावा, आणि संध्याकाळचा क्रम रोज एकच असावा: जेवण, कोमट पाण्याने अंग पुसणे, चित्रसंग्रह, अंगाई, दिवा मंद. पहिल्या रात्री संपूर्ण स्नानाची घाई करू नये. कित्येक मुले झोपण्यापूर्वी स्वतःला पुढेमागे डोलवतात; ती संस्थेत स्वतःच स्वतःला निजविण्याची युक्ती असते. मुलाला त्यावरून रागावू नये, हात धरून थांबवू नये. शेजारी बसून थोपटावे. बहुतेकांत ती काही आठवड्यांत वा महिन्यांत मावळते. वाढत गेली, किंवा मूल डोके आपटून इजा करून घेऊ लागले, तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे.

बाळ रुळल्याची खूण कोणती, याविषयीही लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. ‘किती गुणी, अजिबात रडत नाही, कोणाकडेही जाते’ असे कौतुक पहिल्या आठवड्यात होते. हे मौन पुष्कळदा भांबावलेपणाचे असते, आणि कोणाकडेही जाणे हे अजून कोणीच आपले नसल्याचे लक्षण असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच मुलगी आई स्वयंपाकघरात गेली तरी आक्रोश करू लागते, परक्याला पाहून तोंड लपवते, रात्री उठून चाचपते; आणि घरात काळजी सुरू होते की पोर बिघडली. ती बिघडलेली नसते. पडल्यावर ती कोणाकडे पाहते, एवढेच टिपत जावे: आधी कोणाकडेच नाही, मग जवळ असेल त्याच्याकडे, आणि एके दिवशी जवळच्याला ओलांडून आईकडे. उलट महिने लोटूनही दुखले तरी रडत नाही, नजरेला नजर देत नाही, आवाजाकडे वळत नाही, असे दिसले तर वाट पाहू नये. श्रवणाची तपासणी व विकासाची तपासणी करून घ्यावी.

‘अंतिम आदेश होईपर्यंत फार जीव लावू नये’ असा सल्लाही कोणी देतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश देण्याचे अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले, आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत तो निकाली काढावा असे अभिप्रेत आहे. दफ्तरातील कागद आपल्या मुदतीने चालतात. त्या दोन महिन्यांतच बाळाची लळ्याची जडणघडण चालू असते, आणि राखून ठेवलेला जीव नंतर व्याजासह देता येत नाही.

शेवटी संस्थेच्या समाजसेविकेविषयी. दत्तकपूर्व संगोपनासाठी बाळ घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, पाठपुराव्याचा अहवाल द्यावयाचा असतो. त्यासाठी होणाऱ्या तिच्या घरभेटींना पुष्कळ घरे तपासणी समजतात, दारचे तोरण बदलतात, आणि झोपेच्या किंवा जेवणाच्या अडचणी लपवून ‘सर्व ठीक’ असे उत्तर देतात. बाळ ज्या मावश्यांच्या हाती वाढले त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वाट याच बाईंच्या मार्फत जाते. सहा महिन्यांची वाट न पाहता, पहिल्या आठवड्यातच त्यांना दूरध्वनी करावा, आणि जे बिघडते आहे तेच आधी सांगावे.